‘चोत्तो…’ ऐकलं की तिथेच थांब

शुक्रवारी जेवायला येणार का, असं विचारल्यावर जपानी मैत्रीण म्हणते, ‘किन्योबी वा चोत्तो…’. शब्दशः एवढंच: ‘शुक्रवार जरा…’. मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच लागतो. ती तो शेवटच गाळते, त्यामुळे ‘नाही’ म्हणावंच लागत नाही. ऐकणारे लांबवलेला सूर आणि पुढची शांतता ऐकतात. खरंच यायचं असेल तर माणूस बहुधा स्वतःहून दुसरा वार सुचवतो. सुचवला नाही, तर नकार समज.

सुरुवातीला मी ‘का, काय अडचण आहे?’ असं खोदून विचारायचे. समोरची बिचारी कारण शोधताना अवघडून जायची. आता मी ‘आ, सोऽ देस का. जा, माता’ म्हणते, म्हणजे ‘अच्छा, असं होय. मग पुन्हा कधीतरी’, आणि विषय बदलते.