पिवळ्या रेघांतून सारांश होत नाही

"माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला नीट द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मेडिकलला लागलेल्या ओळखीच्या एका मुलीचं एनसीईआरटी बायोलॉजीचं पुस्तक मिळालं, पण दिवाळीपर्यंत परत करायचं आहे. म्हणून मी रात्री मोबाइलवर पानांचे फोटो काढते आणि पिवळं हायलाइट केलेलं तेवढं वहीत उतरवून तिला सारांश करून देते. पेनानं अंडरलाइन केलेलं घ्यायचं का, कळत नाही. मुलगी म्हणते, 'आई, यात काहीतरी सुटतंय.' मला वाटतं, ती कंटाळा करते. जी पास झाली तिनं खूण केलेलंच महत्त्वाचं ना?"
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या मुलीचं आहे आणि तुम्ही त्याला कंटाळा म्हणालात. मला काळजी वाटते ती याचीच. जी मुलगी आयता सारांश हातात असताना "काहीतरी सुटतंय" म्हणते, ती मजकूर समजून वाचते आहे. तिला गप्प करून वही पुढे सरकवलीत, तर काही महिन्यांत ती हा प्रश्न विचारणंच सोडून देईल. आणि तिचं म्हणणं खरंही आहे. काय सुटतंय ते एकाच धड्यावर दाखवते.

श्वसनाच्या धड्यात रक्तातून वायू कसे वाहून नेले जातात, तो भाग काढा. पिवळं बहुधा आकड्यांवर असेल: ९७ टक्के ऑक्सिजन तांबड्या पेशींतून, ३ टक्के प्लाझ्मात विरघळून, कार्बन डायऑक्साइड ७० टक्के बायकार्बोनेट होऊन, २० ते २५ टक्के तांबड्या पेशींतून, ७ टक्के प्लाझ्मातून. 'कार्बॉनिक ॲनहायड्रेज' या नावावरही पिवळं असेल. तुमच्या पद्धतीनं वहीत एवढंच उतरतं. पण या भागाचा कणा दुसऱ्या वाक्यांत आहे. फुफ्फुसांच्या वायुकोशांत ऑक्सिजनचा आंशिक दाब जास्त, कार्बन डायऑक्साइडचा कमी, हायड्रोजन आयन कमी आणि तापमानही कमी, म्हणून तिथे हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं. ऊतींमध्ये हे सगळं उलट असतं, म्हणून तिथे सोडतं. ते एन्झाइमही दोन्ही दिशांनी काम करतं: ऊतींपाशी बायकार्बोनेट बनवतं, वायुकोशांपाशी त्यातून कार्बन डायऑक्साइड परत मोकळा करतं. ही वाक्यं लांब आणि कारणं सांगणारी आहेत. हायलाइटर सहसा आकड्यावर आणि नावावर फिरतो. 'म्हणून', 'जर', 'याउलट' हे शब्द कोरे राहतात. नीटमध्ये विधान आणि कारण देऊन दोन्हींचा संबंध विचारला, की नेमकं हेच कोरं राहिलेलं लागतं.

आता तुमचा गैरसमज. पिवळं म्हणजे महत्त्वाचं, असं नसतं. पिवळं म्हणजे 'त्या दिवशी त्या मुलीला हे विसरेन असं वाटलं', एवढंच. जे तिला आधीच पक्कं येत होतं, त्यावर तिनं रेघ मारली नसेल, आणि तुमच्या मुलीला कदाचित तेच येत नसेल. ती पास झाली हे खरं, पण ती पूर्ण पान वाचून पास झाली; खुणा त्या वाचनाचा उरलेला भाग आहेत. दुसऱ्याच्या चुकीच्या खुणा वाचणाऱ्याला भरकटवतात, हे सिल्व्हर्स आणि क्राइनर यांनी १९९७ मध्ये तपासलं होतं. अयोग्य जागी हायलाइट केलेला मजकूर वाचणाऱ्यांचं आकलन घटलं, आणि खुणा चुकीच्या असू शकतात हे आधी सांगूनही घटलं. त्यामुळे "तू पिवळ्याकडे लक्ष देऊ नकोस" एवढ्या सूचनेनं काम भागणार नाही. मुलीनं आधी स्वतःच्या, कोऱ्या पुस्तकातूनच वाचायला हवं.

म्हणजे क्रम असा. मुलगी तिच्या पुस्तकात तो भाग वाचेल, पुस्तक मिटून चार-पाच ओळींचा सांगाडा लिहील: काय होतं, का होतं, कुठे उलट होतं. मग तुमचा फोटो उघडायचा. खूण सांगाड्यातल्या एखाद्या ओळीवर बसत असेल, तर तो आकडा किंवा नाव त्या ओळीतच घालायचं: "बहुतेक ऑक्सिजन हिमोग्लोबिनला जोडून जातो, सुमारे ९७ टक्के." खूण कुठेच बसत नसेल, तर मुलीनं पान पुन्हा पाहायचं. एक तर तिच्या सांगाड्यात ओळ राहून गेली आहे, किंवा तो सुटा तपशील आहे आणि त्याची जागा समासात आहे. आणि सांगाड्यातल्या ज्या ओळीवर एकही खूण नाही, ती सारांशात राहणारच. खूण नाही म्हणून काहीही वगळायचं नाही. या एका नियमानं तुमच्या वहीतली अर्धी उणीव भरून निघेल.

अंडरलाइनबद्दल विचारलंत. पिवळं आणि पेन यांत वरचढ कोण, हे ठरवण्याआधी कुठलं नंतरचं आहे ते पाहा. जेल पेनाची शाई हायलाइटरखाली फिसकटलेली दिसली, तर रेघ आधीची आणि पिवळं नंतरचं. दोन्ही एकाच वाक्यावर असतील, तर ती मुलगी तिथे दुसऱ्यांदा आली होती. ते वाक्य आधी तपासण्यासारखं आहे. आणि जे पान जवळपास सगळंच पिवळं आहे, तिथल्या खुणा सोडून द्या. त्यातून निवड कळत नाही.

फोटोंमुळेही चुका होतात. स्कॅन ॲपमधला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर पिवळं पुसून टाकतो, कारण काळ्या-पांढऱ्यात पिवळा रंग जवळजवळ कागदाइतकाच उजळ दिसतो. पेन्सिलची फिकट रेघही त्यात जाते. रात्री पिवळ्या बल्बखाली पूर्ण पानच पिवळसर येतं आणि जुना, उडालेला हायलाइट ओळखू येत नाही. तेव्हा दिवसा खिडकीपाशी, फिल्टर न लावता, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो काढा. तिरप्या फोटोत दोन ओळींमधली रेघ वरच्या ओळीची की खालच्या परिच्छेदाची, ते कळत नाही. पातळ कागदावर मागच्या पानाचा हायलाइटही पुढे झिरपतो. शब्दांशी न जुळणारा फिकट डाग दिसला, तर मागच्या पानाचा फोटो ताडून पाहा. शीर्षक आणि पान क्रमांक फोटोत यायलाच हवेत.

एक गोष्ट आजच तपासा: पुस्तक कुठल्या वर्षी छापलेलं आहे. २०२२-२३ च्या पुनर्रचनेत एनसीईआरटीनं अकरावीच्या बायोलॉजीतून 'पचन आणि शोषण'सारखे धडे काढले, आणि २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही हा धडा गेला. पुस्तक त्याआधीचं असेल, तर तुम्ही रात्री जागून उतरवलेलं काही पिवळं आता विचारलंच जात नाही.

आता स्पष्ट बोलते. सारांश तुम्ही करणं थांबवा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवतानाच मुलगी शिकते, आणि ते काम तुम्ही तिच्याकडून काढून घेतलं आहे. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात हायलाइट करणं कमी उपयोगाचं ठरलं आणि सारांश लिहिणंही. स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी दिवसांच्या अंतरानं करणं, या दोन सर्वांत वरच्या ठरल्या. त्यामुळे तिचा सारांशही छोटाच असू द्या, भागाला अर्धं पान पुरे.

फोटो काढायचं काम तुमच्याकडे राहू द्या. आणखी एक काम घ्या: दोन दिवसांनी तिची वही स्वतःच्या हातात धरा आणि विचारा, "धावताना पायाच्या स्नायूंत हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त का सोडतं?" तिनं ९७ टक्के सांगितले, तर सांगाडा कच्चा आहे आणि तो भाग तिनं पुन्हा वाचायचा. तापमान, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन आयन वाढल्याचं तिनं सांगितलं, तर त्या पानाचा फोटो मोबाइलमधून काढून टाकायला हरकत नाही.