गॅसवर वांगं भाजताना किती वेळाने फिरवायचं आणि साल कशी काढायची?

प्रश्न: पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, चूल नाही. गॅसवर भरताचं वांगं भाजलं की साल करपते, पण देठाजवळ कच्चंच राहतं. किती वेळाने फिरवू? साल नीट कशी सोलू?

उत्तर: तुमची आच मोठी असणार. मंडईत मिळतं तसं साधारण ४०० ग्रॅमचं वांगं मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं घेतं. वांगं हातात हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया जास्त निघतात. आधी सुरीने तीन-चार चिरा द्या, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं. वरून तेलाचा हात फिरवा.

दर दोन-तीन मिनिटांनी देठाला धरून पाव वळसा द्या. चारी बाजू झाल्या की देठाकडचा भाग ज्योतीवर आणून आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा. तो सर्वांत घट्ट असतो, म्हणून मागे राहतो. सुरी तिथेच टोचून बघा: लोण्यात शिरल्यासारखी गेली तर झालं, अडली तर अजून भाजा. बाकी वांगं मऊ पडलं म्हणून फसू नका.

मग ताटलीत ठेवून दहा मिनिटं झाकून ठेवा. वाफेने साल सुटते. बोटं पाण्यात बुडवत देठाकडून खाली सोला. नळाखाली मात्र अजिबात धुऊ नका, भाजल्याचा सगळा खमंगपणा वाहून जातो. सालीचे एक-दोन काळे कण राहिले तर राहू द्या.