टीएसएच दोन्हीकडे कमी, मग निदान कशावरून करायचं?

प्रश्न: केसवरच्या प्रश्नात टीएसएच कमी दिसला की मी हायपरथायरॉइडिझम निवडते आणि उत्तर निघतं सेंट्रल हायपोथायरॉइडिझम. दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

उत्तर:

आधी फ्री टी४ वाचा, टीएसएच नंतर. फ्री टी४ जास्त आणि टीएसएच दबलेला, तर बिघाड थायरॉइडमध्ये आहे. फ्री टी४ कमी आणि तरीही टीएसएच हवा तेवढा वाढलेला नाही, तर बिघाड वर, पिट्युटरीत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये. तुमची चूक होते ती क्रमामुळे. टीएसएचचा आकडा आधी वाचला की निदान मनात पक्कं होतं आणि पुढचा आकडा आपण त्याच्याशी जुळवून घेतो.

टीएसएच हे पिट्युटरीने रक्तातल्या टी४ला दिलेलं उत्तर आहे. फ्री टी४ थोडा जरी घसरला तरी निरोगी पिट्युटरी टीएसएच अनेक पटींनी वाढवते. त्यामुळे फ्री टी४ नॉर्मलच्या निम्म्यावर आला असेल, तर टीएसएच वीस-तीसच्या पुढेच दिसायला हवा. अशा वेळी तो ०.३ असो की २.१, दोन्हींचा अर्थ एकच: टी४ कमी पडतोय आणि पिट्युटरीला ते कळत नाही, किंवा कळूनही काही करता येत नाही. म्हणूनच सेंट्रल हायपोथायरॉइडिझममध्ये टीएसएच बहुतेकदा रेंजच्या आतच असतो, कधी किंचित कमी, तर कधी सहा-सातपर्यंत वाढलेलाही. वाढलेला असला की विद्यार्थी आणखी गोंधळतात. या रुग्णांच्या टीएसएचवरच्या साखरेच्या साखळ्या बदललेल्या असतात. तपासणीत तो मोजला जातो, पण थायरॉइडला नीट चालना देऊ शकत नाही.

उलट ग्रेव्हजसारख्या प्रायमरी हायपरथायरॉइडिझममध्ये पिट्युटरी ठणठणीत असते. टी४चा पूर आलेला पाहून ती टीएसएच जवळजवळ बंदच करते आणि रिपोर्टवर ०.०१पेक्षा कमी असं येतं. टीएसएच नुसता कमी आहे की पूर्ण दबलेला, हाही एक धागा आहे. निदान मात्र फ्री टी४वरच ठरतं.

आता एक केस घेऊ. ३२ वर्षांची स्त्री. थकवा, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात भरपूर रक्तस्राव झाला, रक्त चढवावं लागलं. त्यानंतर अंगावर दूध आलंच नाही आणि पाळीही परत सुरू झाली नाही. नाडी ५८, बीपी ९०/६०. सोडियम १२६, पोटॅशियम ४.२. टीएसएच ०.३ (रेंज ०.४ ते ४), फ्री टी४ ०.४ (रेंज ०.८ ते १.८). पर्याय: ग्रेव्हज, हाशिमोटो, ॲडिसन, शीहान सिंड्रोम.

फ्री टी४ कमी म्हणताच ग्रेव्हज बाद. नाडी ५८ तेच सांगते. हाशिमोटोमध्ये एवढ्या कमी टी४ला टीएसएच कितीतरी वर गेला असता, तोही बाद. उरले ॲडिसन आणि शीहान. सोडियम कमी असल्याने ॲडिसनचा मोह होतो, पण पोटॅशियम नॉर्मल आहे. अल्डोस्टेरॉन रेनिनच्या हुकमावर चालतं, पिट्युटरीच्या नाही, म्हणून पिट्युटरी गेली तरी पोटॅशियम चढत नाही. शिवाय ॲडिसनमध्ये एसीटीएच वाढून त्वचा काळवंडते. शीहानमध्ये ती फिकट पडते. दूध न येणं म्हणजे प्रोलॅक्टिन गेलं, पाळी न येणं म्हणजे एलएच आणि एफएसएच गेले, बीपी आणि सोडियम पाहता बहुधा एसीटीएचही. एकाच ग्रंथीची चार-पाच कामं एकत्र बंद पडली आहेत. उत्तर शीहान.

पुढचा प्रश्न हमखास असा येतो: आता पहिलं काय कराल? पर्यायांत लिव्होथायरॉक्सिन असतं आणि बरेच जण तेच निवडतात. आधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल पाहायचं. ते ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आलं तर कॉर्टिसॉलची कमतरता जवळजवळ नक्की, १५च्या वर असेल तर ती बहुधा नाही, आणि मधे आलं तर एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट करायची. कमतरता असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो आणि कॉर्टिसॉलचा निचराही वाढतो. मुळात कॉर्टिसॉल नसलेल्या रुग्णाला त्यामुळे ॲड्रिनल क्रायसिस होऊ शकतो. रुग्ण कोसळलेला असेल तर रिपोर्टची वाट न पाहता रक्त घेऊन ठेवायचं आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं.

उपचार सुरू झाल्यावरही एक सापळा आहे. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ०.०५ आणि फ्री टी४ १.४ आला, तर डोस कमी करायचा का? नाही. या रुग्णांत टीएसएचवर डोस ठरवता येत नाही. फ्री टी४ रेंजच्या वरच्या अर्ध्यात ठेवायचा, तो तिथेच आहे.

आता या नियमाला फसवणारी परिस्थिती, कारण पेपर काढणाऱ्यांचं तिच्यावर विशेष लक्ष असतं. ग्रेव्हजच्या रुग्णाला सहा आठवड्यांपासून कार्बिमॅझोल चालू आहे. फ्री टी४ ०.६, टीएसएच ०.०१पेक्षा कमी. आकडे हुबेहूब सेंट्रलचे वाटतात, पण पिट्युटरीला काही झालेलं नाही. महिनोन्‌महिने दबून राहिलेल्या तिच्या पेशींना पुन्हा टीएसएच तयार करायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. इथे एमआरआय नको, कार्बिमॅझोलचा डोस कमी करायचा आणि टीएसएच जागा होईपर्यंत फ्री टी४ आणि टी३ पाहून चालायचं. म्हणून प्रश्नात औषधांचा उल्लेख कुठे आहे ते आधी शोधा. टी३च्या, म्हणजे लायोथायरोनिनच्या गोळ्या घेणाऱ्यांतही फ्री टी४ आणि टीएसएच दोन्ही कमी येतात. तिथे फ्री टी३ मागवला की उलगडा होतो.

टीएसएच पूर्ण दबलेला पण फ्री टी४ नॉर्मल असेल, तेव्हाही फ्री टी३ पाहायचा. तो वाढलेला असेल तर ती टी३ टॉक्सिकोसिस, म्हणजे प्रायमरी हायपरथायरॉइडिझमच.

राहिला आयसीयूतला रुग्ण: सेप्सिस, डोपामिन चालू, टी३ बराच कमी, फ्री टी४ नॉर्मलच्या खालच्या टोकाला किंवा थोडा कमी, टीएसएच ०.२. गंभीर आजारात असे आकडे थायरॉइड आणि पिट्युटरी दोन्ही धड असतानाही येतात, आणि डोपामिन व स्टेरॉइड टीएसएच आणखी खाली ओढतात. दूध न येणं, पाळी बंद होणं, दृष्टीची बाजू जाणं किंवा डोक्याला मार लागणं असा पिट्युटरीकडे बोट दाखवणारा पुरावा प्रश्नात नसेल, तर सेंट्रल म्हणू नका. योग्य पर्याय बहुतेकदा हा असतो की मूळ आजार बरा होऊ द्यावा आणि साधारण सहा आठवड्यांनी तपासण्या पुन्हा कराव्यात.