कॉफी पिल्यावर लगेच ब्रश नको भावा

भावा, कॉफी संपली की आधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भर, ब्रश लगेच नको, कारण कॉफी आंबट असते, तिनं दाताचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं आणि त्यावरच घासलं तर ते झिजतं, मग खरबरीत दातावर डाग अजूनच धरतो. अर्धा तास थांब. तू सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायच्या आधी ब्लॅक कॉफी घेतोस ना, मग चूळ भरून जा आणि आल्यावर ब्रश कर, किंवा उठल्या उठल्याच करून टाक. दूध घातलंस तर डाग कमी पडतात. तासभर घोट घोट पीत बसू नको.

मगावरचे कॉफीचे डाग काढायला तारेची घासणी अजिबात नको, चरे पडतात. ओल्या मगात चमचाभर खायचा सोडा टाक, बोटानं चोळ, तपकिरी कड सुटते बघ. दाताला मात्र सोडा चोळू नको, जुना डाग डेंटिस्टकडूनच काढ.