फ्लॅटचा पत्रव्यवहार: फाइलमध्ये काय, कसं ठेवायचं?

प्रश्न: पावत्या, पत्रं, करारनामा सगळं एकाच फाइलमध्ये ठेवलं तर चालेल का?

चालेल, पण करारनाम्याची झेरॉक्स ठेवा. मूळ प्रत घरकर्जासाठी बँकेत जमा करताना कागदांच्या यादीवर बँकेचा सही-शिक्का घ्या.

प्रश्न: बिल्डरची माणसं फोनवरच सगळं सांगतात, लेखी काही देत नाहीत. काय करावं?

ते देणार नाहीत, म्हणून तुम्ही लिहायचं, आणि फोन झाला त्याच दिवशी. समजा, करारात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2024 आहे आणि फोनवर "जूनपर्यंत देतो" असं उत्तर मिळालं. मग ईमेल करा: "आज दुपारी 4 वाजता आपल्या विक्री विभागाने ताबा जून 2025 मध्ये देऊ असे सांगितले. करारातील तारीख 31 डिसेंबर 2024 आहे. मुदतवाढीस माझी संमती नाही. विलंबाच्या व्याजाचा हक्क मी राखून ठेवत आहे." हे पत्र करारात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवरच जायला हवं. सेल्समनच्या मोबाइलवर पाठवलं आणि तो नोकरी सोडून गेला की "आम्हाला काही मिळालंच नाही" हे ठरलेलं उत्तर येतं.

स्पीड पोस्टानेही पाठवा. पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा; प्रिंट आठवडाभरात काढा, कारण काही काळाने ट्रॅकिंग वेबसाइटवर दिसत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर प्रत्येक पत्राची एक ओळ लिहा: क्रमांक, तारीख, कोणी कोणाला, विषय, पोच कुठे आहे. रेरा कायद्याच्या कलम 18 खाली व्याज मागायची वेळ आली, तर वकील आधी हेच पान मागतील.

"पुढचा हप्ता भरताना फक्त इथे सही करा" असं म्हणून मुदतवाढीचं संमतीपत्र पुढे करतात. वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरेसे असतात ना? सोसायटीत सगळे तसंच म्हणतात.

सोसायटीतल्या सांगण्यावर जाऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोन विकू नका आणि प्रमाणपत्राचा मसुदा वकिलाकडून घ्या.

प्रश्न: ब्रोशरही जपायचं का?

हो, जाहिरातीसकट. खोट्या जाहिरातीवर भरवसा ठेवून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याचं कलम 12 उपयोगी पडतं.

प्रश्न: ताबा मिळाला. आता फाइल बंद करू?

मुळीच नको. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो (कलम 14). गळती दिसली की तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी पत्र पाठवा. 30 दिवस उलटले तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या, गवंडी नंतर. नवं प्लास्टर चढलं की ओल कुठून येत होती, हे दाखवणं फार कठीण होतं.