सातव्या-आठव्या महिन्यात पोट कडक होतंय, पाणी जातंय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ३१वा आठवडा सुरू आहे. दिवसातून बऱ्याच वेळा पोट दगडासारखं होतं, पण दुखत अजिबात नाही. दुखत नसेल तर काळजी नको ना?

दुखतंय की नाही यावरून इथे काहीच ठरवू नका. वेळेआधीच्या कळा पुष्कळदा दुखतच नाहीत, म्हणून तर त्या हातून निसटतात. पाहायचं ते एकच : पोट ठरावीक अंतराने कडक होतंय का?

आधी लघवी करून या. दोन ग्लास पाणी प्या आणि डाव्या कुशीवर आडव्या व्हा. भरलेली लघवीची पिशवी आणि शरीरात कमी झालेलं पाणी, दोन्हींमुळे गर्भपिशवी उगाच आवळते, त्यामुळे ही दोन कारणं आधी बाजूला करायची. आता बोटांची टोकं बेंबीच्या वर, गर्भपिशवीच्या माथ्यावर हलकेच टेकवा. सैल असताना ती आपल्या गालासारखी लागते. आवळू लागली की नाकाच्या शेंड्यासारखी आणि पूर्ण आवळली की कपाळासारखी टणक. एकाच बाजूला टणक लागलं तर ती बहुधा बाळाची पाठ किंवा कुल्ला असतो. कळ आली की सगळी पिशवी एकदम आवळते आणि थोड्या वेळाने पुन्हा सैल पडते.

तासभर घड्याळ जवळ ठेवा आणि प्रत्येक वेळी आवळायला सुरुवात झाली की वेळ लिहा. समजा, कागदावर ९.१०, ९.१९, ९.२७, ९.३७, ९.४५, ९.५४ अशा नोंदी झाल्या. म्हणजे मधली अंतरं ९, ८, १०, ८ आणि ९ मिनिटांची. पाणी पिऊन, कूस बदलूनही तासात सहा वेळा पोट आवळलं आणि अंतरही जवळपास सारखंच राहिलं, तर त्याला सरावाच्या कळा म्हणून सोडून देता येत नाही. लगेच दवाखान्यात निघा. त्याऐवजी ९.१०, ९.३२ आणि मग काहीच नाही, असं झालं तर त्या बहुधा सरावाच्या कळा. त्या कूस बदलली, थोडं चालून आलं की विरतात.

३७ आठवडे भरण्याआधी तासात चारपेक्षा जास्त वेळा पोट आवळलं तर डॉक्टरांना कळवायचं. जुळी असतील, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, तर तासभर मोजत बसू नका, आधी फोन करा. मोजत असताना पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मोजणं तिथेच सोडा आणि निघा.

प्रश्न : २९वा आठवडा. बाळ खाली दाबतंय असं वाटतं, कंबरही भरून येते. सगळ्याच जणी म्हणतात की हे होतंच.

होतं, हे खरं. पण साधी कंबरदुखी दिवसभराच्या उभं राहण्यावर, वाकण्यावर अवलंबून असते आणि पाठ टेकली की उतरते. वेगळी असते ती कंबरेच्या अगदी खालच्या भागातली, पाळीच्या आधीसारखी दुखी : कशीही झोपलात तरी तशीच राहणारी, किंवा लाटेसारखी येऊन जाणारी आणि पुढे ओटीपोटात, मांड्यांत उतरणारी. दाबाचंही तसंच. दिवसभर चालून संध्याकाळी जडपणा येणं निराळं. झोपूनही खाली काहीतरी सरकत असल्यासारखं, शौचाला लागल्यासारखं वाटत राहिलं तर पिशवीचं तोंड आखूड होत असण्याची शक्यता असते. हे कळांशिवायही होऊ शकतं आणि बाहेरून हात लावून कळत नाही. त्यासाठी आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजतात. ती ३० मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर लगेच बाळंतपण होण्याची शक्यता कमी, १५ च्या आत आली तर धोका बराच वाढलेला.

सोबत अंगावरून जाणं बदललं असेल, म्हणजे एकदम वाढलं, पातळ झालं, शेंबडासारखं चिकट किंवा गुलाबी-तपकिरी झालं, तर त्याच दिवशी तपासून घ्या. लघवी करताना जळजळ होत असेल तर तेही सांगा. लघवीतल्या संसर्गामुळेही कळा सुरू होतात आणि त्यावर उपचार आहे.

प्रश्न : ३३वा आठवडा. सकाळपासून चड्डी ओलसर होतेय. धार लागलेली नाही. लघवी असेल की पाणी?

धार लागलीच पाहिजे असं नाही. बाळाभोवतीच्या पाण्याच्या आवरणाला वरच्या बाजूला बारीक चीर गेली तर पाणी थेंबथेंब झिरपतं.

लघवी करून या, जागा कोरडी पुसा, बिनवासाचं पांढरं पॅड लावा आणि अर्धा तास आडव्या राहा. मग उठून उभ्या राहा. झोपलेलं असताना पाणी योनीच्या आतल्या टोकाशी साचतं आणि उभं राहिलं की एकदम उतरतं. त्या वेळी किंवा खोकताना पॅड पुन्हा भिजलं तर ते गर्भजल समजूनच चला. पण खोकताना लघवीही सुटते, म्हणून रंग आणि वास पाहा. लघवी पिवळसर असते आणि तिला तिचा नेहमीचा उग्र वास येतो. गर्भजल पाण्यासारखं पातळ, बिनरंगाचं किंवा किंचित गवती छटेचं असतं आणि तसा वास नसतो. पांढरं जाणं दाट असतं, त्याने पॅड चिंब होत नाही.

पॅड कोरडं राहिलं तरी ओल पुन्हा जाणवली तर आजच दाखवा, कारण घरच्या या पाहणीत बारीक गळती सुटू शकते. पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, ओल कधीपासून आहे ते लिहून ठेवा. तोवर संबंध नको, टबमध्ये बसणं नको आणि आत काहीही घालायचं नाही. आवरण फाटलं की जंतूंना वरची वाट मोकळी होते. याच कारणासाठी दवाखान्यातही शक्यतो बोटांनी न तपासता उपकरण लावून नुसतं पाहतात.

पाणी हिरवट, तपकिरी किंवा रक्ताळ असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप असेल तर क्षणही थांबू नका. योनीतून नाळेसारखं काही बाहेर आलेलं दिसलं तर गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर उंच ठेवून राहा आणि रुग्णवाहिका बोलवा. ते आत ढकलू नका.

प्रश्न : मागच्या आठवड्यात गेले होते, काही नाही म्हणून घरी पाठवलं. आता पुन्हा तसंच होतंय. परत जायला संकोच वाटतो.

जा. मागच्या तपासणीने त्या दिवसापुरतं सांगितलं. पिशवीचं तोंड आठवड्याभरात बदलू शकतं.

घाई कशाला, तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी. साधारण २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण जवळ आलंय असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे दोन डोस, २४ तासांच्या अंतराने. पुरेपूर फायदा दुसऱ्या डोसनंतर २४ तासांनी मिळू लागतो. कळा थांबवायची औषधं बाळंतपण आठवडेच्या आठवडे पुढे ढकलत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा असते ती साधारण ४८ तासांची, म्हणजे इंजेक्शनं लागू पडायला आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवायला वेळ मिळावा. पिशवीचं तोंड बरंच उघडल्यावर पोहोचलात तर हा अवधी हातात उरत नाही.

प्रश्न : मग सरळ बिछान्यावरच पडून राहिले तर?

नुसतं पडून राहिल्याने वेळेआधीचं बाळंतपण टळत नाही. उलट दिवसेंदिवस न हलल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. वर सांगितलेली अर्ध्या-एक तासाची विश्रांती आहे ती पाहणीपुरती.