चाकांची डफल, सॅक की ट्रॉली: फोटोवरून बॅग ओळखताना

प्रश्न: फोटोतल्या बॅगेला नेमकं काय म्हणायचं, डफल, रकसॅक की ट्रॉली? तिचं एक चाक फुटलंय आणि पाठीवर घ्यायच्या पट्ट्याचं एक क्लिप हरवलंय. दोन्ही मागवायचंय, पण काय नावाने शोधू? बॅग सध्या माझ्याजवळ नाही, हा एकच फोटो आहे.

उत्तर:

ही व्हील्ड डफल आहे, आणि तिला पाठीवर घ्यायचे पट्टे जोडता येतात. चाकं दोनच, जागच्या जागी वळणारी नव्हेत. विकणारे त्यांना इनलाइन व्हील म्हणतात. हरवलेलं क्लिप म्हणजे साइड रिलीज बक्कलचा दोन पायांचा भाग, बहुधा २५ मि.मी. पट्ट्याचा. हे फोटोत कुठे दिसतं ते सविस्तर सांगतो, कारण मागवताना विक्रेता नावावर थांबणार नाही, मापंही विचारेल.

चाकं, ओढायचा दांडा आणि पट्टे आधी विसरा. हे तिन्ही कोणत्याही जातीच्या बॅगेला लावलेले सापडतात, म्हणून त्यांच्यावरून जात ठरवली की गोंधळ होतो. जात ठरते ती बॅगेच्या अंगावरून आणि ती उघडते कुठून यावरून. तुमच्या फोटोत मोठी चेन इंग्रजी यू अक्षरासारखी सगळ्यात रुंद बाजूवर फिरली आहे, म्हणजे बॅग आडवी ठेवून अख्खं झाकण उलटायचं. शिवाय उभ्या बॅगेचं वरचं टोक आत दबलंय आणि बाजूच्या कापडाला तिरप्या चुण्या पडल्यात. आत चौकट असती तर कापड असं बसलं नसतं. ताठ दिसतो तो फक्त खालचा काळा प्लॅस्टिकचा तळ. वर मऊ, खाली कडक ही चाकांच्या डफलची ठरलेली बांधणी.

कापडी ट्रॉली सूटकेस असती तर चारही कोपरे भरीव दिसले असते, बॅग रिकामी असली तरी. हार्ड-शेलचा प्रश्नच नाही. तिथे दोन टणक कवचं मधोमध चेनने किंवा धातूच्या चौकटीने जुळतात.

रकसॅकची शंका मात्र रास्त आहे, कारण पट्टे आहेत. पण रकसॅकचं बरंचसं वजन कंबरेवर यावं म्हणून तिला रुंद, गादीचा कंबरपट्टा असतो, पाठीला टेकणारी बाजू घडवलेली असते आणि खांद्याच्या पट्ट्यावरून वरच्या कडेला जाणारे दोन छोटे ओढपट्टे असतात. तुमच्या फोटोत यातलं एकही नाही. मागच्या बाजूला आडवी बारीक चेन दिसते, तो बहुधा पट्टे कोंबून ठेवायचा कप्पा असावा. जिन्यावर किंवा खडबडीत रस्त्यावर थोडा वेळ पाठीवर घेण्यापुरतीच ही सोय. विमान कंपन्या हरवलेलं सामान नोंदवायला जो चित्रांचा तक्ता दाखवतात, त्यातही डफल २५ नंबरवर आणि रकसॅक २९ वर अशी वेगळी आहे. चाकं आणि दांडा यांची तिथे नंतर निराळी नोंद होते. मला ती पद्धत फार पटते.

आता चाक. तुमच्या फोटोत चाकाचा जेमतेम खालचा अर्धा भाग कोपऱ्यातून बाहेर डोकावतो, वरचा अर्धा प्लॅस्टिकच्या खोबणीत आहे. वळणारं चाक, ज्याला स्पिनर म्हणतात, असं लपू शकत नाही. त्याला गोल फिरायला जागा लागते, म्हणून ते बॅगेच्या खाली काट्यात पूर्ण लोंबतं आणि बॅग व जमीन यांच्यामधून चहूबाजूंनी उजेड दिसतो. स्पिनरच्या फोटोत बहुतेक वेळा दोन चाकांची तोंडं दोन दिशांना असतात, हीसुद्धा चांगली खूण. तुमच्याकडे चाकांच्या समोरच्या कडेला प्लॅस्टिकचा जाड पाय आहे. दोन चाकांच्या बॅगेला उभं राहायला तो लागतोच.

फोटो मोठा करून खोबणीच्या बाहेरच्या भिंतीवर, चाकाच्या मध्याच्या रेषेत बघा. तिथे एक गुळगुळीत चकचकीत टिकली आहे. म्हणजे आस रिव्हेटने ठोकलेला आहे. तिथे षटकोनी खड्डा असता तर ॲलन की लावून दोन मिनिटांत सुटला असता. रिव्हेट असेल तर चाक आणि भिंत यांच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून आस कापावा लागतो, आणि नवीन चाकाबरोबर दोन्हीकडून स्क्रू बसणारा आसही मागवावा लागतो.

माप घेताना फुटलेलं चाक मोजू नका, आणि दुसरंही नको. तेही झिजलेलंच असणार, त्याचा व्यास मूळ व्यासापेक्षा कमी भरेल. खोबण झिजत नाही, म्हणून ती मोजायची. आसाच्या भोकाच्या मध्यापासून खोबणीच्या छतापर्यंतचं अंतर घ्या, दुप्पट करा आणि त्यातून पाच-सहा मि.मी. वजा करा, याहून मोठं चाक घासेल. रुंदीसाठी दोन भिंतींमधलं अंतर घेऊन दोन्ही बाजूंना वॉशरपुरती, म्हणजे साधारण एकेक मि.मी. जागा सोडा. समजा, मध्यापासून छत २८ मि.मी. आणि भिंतींमध्ये २० मि.मी. भरले, तर ५० मि.मी. व्यासाचं आणि १८ मि.मी. रुंदीचं चाक बसेल. हे माप बाजारात सहज मिळतं.

आसाची जाडी विसरली की सगळं फसतं. बॅगेचे आस बऱ्याचदा ६ मि.मी. असतात. स्केटच्या चाकातलं नेहमीचं ६०८ बेअरिंग ८ मि.मी. आसासाठी असतं. ते ६ मि.मी. आसावर चढवलं तर बसल्यासारखं वाटतं, पण भरलेली बॅग ओढताच चाक डुगडुगतं आणि खोबणीच्या भिंतीला घासत राहतं. मध्ये जुळणारी नळी असेल तरच तसलं चाक घ्या. चाकं मात्र दोन्ही बदला, नाहीतर बॅग एका बाजूला कलून चालेल.

क्लिपबद्दल. तळाच्या कोपऱ्याजवळ शिवलेला चपटा काळा तुकडा दिसतो, त्याच्या दोन्ही कडांना लांबट खिडक्या आहेत. बक्कलचे दोन पाय याच खिडक्यांतून बाहेर येतात आणि दाबले की सुटतात. बक्कल त्यात ओवायच्या पट्ट्याच्या रुंदीने ओळखतात, बाहेरच्या मापाने नाही. बाहेरून मोजलं तर एक माप मोठं येतं.

२५ कसं काढलं? शेजारून मुख्य चेन गेली आहे. चेनचा नंबर हा तिच्या मिटलेल्या दातांच्या रुंदीशी मिलिमीटरमध्ये साधारण जुळतो, आणि एवढ्या मोठ्या डफलला बहुतेक १० नंबरची चेन असते. फोटोत पट्टा त्या दातांच्या सुमारे अडीच पट रुंद दिसतो. दोन्ही एकाच पातळीवर आणि जवळजवळ असल्यामुळे ही तुलना चालते. चाक खाली मागे आहे, त्याचं माप असं काढता येणार नाही.

तरी २० आणि २५ मधला फरक फोटोत निसटू शकतो, आणि एकाच रुंदीची दोन कंपन्यांची बक्कलं एकमेकांत बसतीलच असं नाही. म्हणून बॅग जिथे आहे तिथल्या कुणाला तरी चेनच्या स्लायडरची मागची बाजू बघायला सांगा, तिथे बहुधा नंबर कोरलेला असतो. शिवलेल्या तुकड्याच्या पाठीवर काही अक्षरं असतील तर त्यांचाही जवळून फोटो काढायला सांगा. जुळणारा अर्धा भाग मिळाला नाही तर बक्कलची पूर्ण जोडी घेऊन शिवलेला तुकडाही उसवून बदलावा लागेल.